रात्रीची लाईन, मोबाइलची गेम आणि हरभऱ्यातला पिवळा पट्टा

आमच्याकडे ओलिताच्या दिवसांत रात्रीची लाईन असली की माणसाला झोपता येत नाही. दारव्हा तालुक्यात माझं साडेपाच एकर वावर आहे, त्यातल्या अडीच एकराला विहिरीचं पाणी पुरतं. आमच्या फीडरला तेव्हा एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री थ्री-फेज वीज मिळायची. रात्रीची पाळी दहाच्या सुमारास सुरू होई. मोटर चालू करायची, स्प्रिंकलरची एक लाईन तीन तास चालवायची, मग बंद करून चिखलात उतरायचं, पाइप उचलून चाळीस फूट पुढे मांडायचे आणि पुन्हा चालू करायची. मधल्या तीन तासांत जागं राहणं एवढंच काम. थंडी, रानडुकरांची भीती, आणि डोळा लागला की संपलं.

नोव्हेंबर 2023 मध्ये या जागं राहण्यासाठी मी मोबाइलवर गेम सुरू केली. शंभर जण एका बेटावर उतरतात, बंदुका शोधतात आणि शेवटी एक चमू उरतो, ती गेम. माझं वय तेव्हा चौतीस होतं. लहानपणी मी कधी व्हिडिओ गेम खेळलो नव्हतो, त्यामुळे हा पोरासोरांचा नाद आहे आणि आपल्याला लागायचा नाही, असं मनात पक्कं होतं.

पहिला हंगाम खरंच चांगला गेला. मी कुठंही चुकलो नाही. मोटर वेळेवर बंद झाली, पाइप वेळेवर उचलले गेले, आणि डोळा एकदाही लागला नाही. गेममध्ये चौघांचा आमचा चमू जमला होता. एक वाशिमकडच्या पेट्रोल पंपावर रात्रपाळीला, एक परभणीचा ट्रकवाला, एक चंद्रपूरच्या बाजूचा सुरक्षारक्षक, आणि मी. चौघंही रात्री जागणारे. हेडफोनमध्ये त्यांचा आवाज असला की काळोखात एकटं वाटत नसे. त्यातली माणसं आणि ती सोबत खरी होती, हे मी आजही मनापासून सांगतो.

गडबड मार्च 2024 नंतर झाली. हरभरा निघाला, ओलित संपलं, रात्रीच्या लाईनीशी माझा संबंध उरला नाही. तरीही रात्री दहा वाजले की हात फोनकडे जायचा. ज्या कामासाठी गेम आली होती ते काम संपलं होतं, आणि गेम तेवढी राहिली होती. ही बाब मला तेव्हा दिसली नाही. उन्हाळ्यात तशीही फारशी कामं नसतात, म्हणून त्या खेळण्याला मी विरंगुळा म्हणत राहिलो.

पावसाळ्यात त्याचा अर्थ कळू लागला. सोयाबीनमध्ये डवरणी करायची तर सकाळी सहाला बैल जुंपावे लागतात, दहानंतर ऊन आणि उमस बैलाला झेपत नाही. मी साडेसातला उठू लागलो. आधी आठवड्यातून एखाद्या दिवशी, मग तीन-चार दिवस. माय एकदा गोठ्यात धार काढता काढता म्हणाली, "लेका, डोये पाय तुहे. कावीळ तं नाही झाली?" मी म्हटलं, झोप नीट होत नाही. ते खोटं नव्हतं. झोप का होत नाही, तेवढं मी गिळलं.

त्यात बाजारभावाचा घोर होता. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव 4892 रुपये होता आणि आमच्या बाजारात चार हजाराच्या आगेमागे बोली लागत होती. रात्री पाठ टेकली की हिशेब सुरू व्हायचा: खताची उधारी, सोसायटीचं कर्ज, पोराची फी. गेम चालू असेपर्यंत हिशेब बंद असे. अर्धा तास मेंदूत दुसरं काही शिरतच नसे. हे सुख फार मोठं आहे, आणि ज्याला असा घोर नाही त्याला ते समजावून सांगणं कठीण आहे.

पोळ्याला, सप्टेंबर 2024 मध्ये, मी गेम काढून टाकली. बैलांसमोर नारळ फोडला आणि मनात म्हटलं, आता बास. नऊ दिवस टिकलो. त्या नऊ दिवसांत रात्र मोकळी झाली आणि सगळा हिशेब एकदम अंगावर आला. दहाव्या दिवशी गेम परत घेतली. फोनवरून गेम काढली तरी खातं जात नाही, माझा दर्जा तसाच्या तसा वाट पाहत होता, आणि हंगाम संपायला पाच दिवस उरले होते. गेममध्येही हंगाम असतो. ठरावीक आठवड्यांनी तो संपतो आणि तुम्ही कमावलेला दर्जा खाली घसरतो, म्हणून शेवटच्या दिवसांत प्रत्येकाला वर चढायची घाई असते. त्या रात्री मी साडेतीनपर्यंत खेळलो. काढून टाकण्याआधी मी एवढं कधी खेळलो नव्हतो.

मग जानेवारी 2025. हरभऱ्याचं दुसरं पाणी, घाटे भरतानाचं. लाईन रात्रीची. दहाला मोटर सुरू केली, एकला पाइप उचलायचे होते. एक वाजायला दहा मिनिटं कमी असताना एक मॅच संपली, आम्ही पहिल्याच टप्प्यात मेलो होतो. वाटलं, एवढी एक घेऊ, मग उचलू. ती चांगली लांबली. मग वाटलं, पाणी अर्धा तास जास्त झालं तर काय होतं? मग किती झाल्या ते आठवत नाही. वर पाहिलं तेव्हा पहाटेचे पाच वाजले होते आणि स्प्रिंकलर त्याच जागी फिरत होता. तीन तासांची लाईन सात तास चालली होती.

हरभऱ्याला जास्तीचं पाणी सोसत नाही हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. मुळाला हवा मिळत नाही, झाड आधी पिवळं पडतं आणि मग मान टाकतं. आठव्या दिवशी धुऱ्यावर उभा राहिलो तेव्हा हिरव्या वावरात एक पिवळा पट्टा दिसत होता. चाळीस फूट रुंद, चारशे फूट लांब, कडा दोरी लावून आखल्यासारख्या सरळ. दहा नोझलांनी जेवढी जमीन भिजते तेवढीच, साधारण पंधरा गुंठे. जिथे तीन क्विंटल यायला हवा होता तिथे पुढे एक आला. दहा-अकरा हजारांचं नुकसान.

बायकोने विचारलं तेव्हा मी म्हटलं, नोझल खराब होतं, पाणी एकाच जागी पडत राहिलं. ती काही बोलली नाही. संध्याकाळी भाकरी वाढताना शांतपणे म्हणाली, "मी पाह्यलं जी नोझल. चांगलं हाय. दाहाच्या दाही."

पैशाचं नुकसान मी सोसलं असतं. पण आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि शेतीतलं खोटं मी तिला कधी बोललो नव्हतो. त्या रात्री मी 14416 ला फोन लावला. टेली-मानस ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा, ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. आरोग्य उपकेंद्राच्या भिंतीवर तो नंबर मी रोज वाचत होतो. तो दुसऱ्या कुणासाठी आहे असं समजून पुढे जात होतो.

पलीकडे एक ताई होत्या. मी म्हटलं, मी दिवसाला पाच तास गेम खेळतो, हा आजार आहे का? त्यांनी तास बाजूला ठेवले. त्यांनी विचारलं, ठरवलेल्या वेळेला थांबता येतं का? गेमपायी कोणकोणती कामं मागे सरली? नुकसान दिसल्यावरही चालू राहिलं का? आणि हे किती महिने चाललंय? मग झोप, जेवण, दारू, आणि शेवटी अगदी सरळ शब्दांत: मरावंसं वाटतं का? मी नाही म्हटलं, आणि ते खरं होतं. फोनवर निदान करता येत नाही, जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मनोविकार विभाग असतो, तिथे एकदा दाखवा, असं त्यांनी सांगितलं. बोलणं वीस-पंचवीस मिनिटं चाललं असेल.

यवतमाळला मी बायकोला घेऊन गेलो. डॉक्टर माझ्याच वयाचे होते. त्यांनी जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, 2022 पासून लागू झालेल्या नव्या आवृत्तीत, गेमिंगचा विकार धरला आहे. त्याची ओळख तीन गोष्टींवरून होते आणि फोनवरच्या ताईंनी त्याच विचारल्या होत्या: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा गेम वर जाणं, आणि नुकसान होऊनही सुटत नाही म्हणून चालू ठेवणं किंवा वाढवणं. पण हे साधारण वर्षभर दिसावं लागतं आणि घर, काम, नाती यांचा मोठा भाग त्यात बुडालेला असावा लागतो. कुणी सुटीच्या दिवशी सहा तास खेळतो आणि सोमवारी ठरल्या वेळी कामाला जातो, तर त्याला विकार म्हणत नाहीत. कुणी दोनच तास खेळतो, पण ते दोन तास पोराला शाळेतून आणायचे असतात, तर तिथे विचार करावा लागतो. त्याच यादीत याच्या अलीकडची एक पायरी आहे, धोक्याचं खेळणं. विकार नाही, पण खेळण्याची पद्धत अशी की नुकसान व्हायला लागलंय. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही या पायरीवर आहात असं मला वाटतं. इथून मागे येणं सोपं आहे. आणखी वर्ष गेलं तर कठीण होईल."

त्यांनी उदासीबद्दलही बरंच खोदून विचारलं. मोठ्या माणसात गेम पुष्कळदा वरची साल असते, खाली घोर किंवा उदासी असते, आणि साल सोलली की आतलं उघडं पडतं. पोळ्यानंतरचे ते नऊ दिवस मला तेव्हा कळले. औषध त्यांनी दिलं नाही. दोन महिन्यांत दोनदा परत बोलावलं आणि मी गेलो.

पहिलं काम दिलं ते वहीचं. दोन आठवडे गेम कमी करायचीच नाही, फक्त लिहायचं. किती मॅच ठरवल्या, किती झाल्या, किती वाजता उठलो, आणि फोन हातात घेण्याच्या अगदी आधी काय चाललं होतं. मी पोराची अर्धी वापरलेली वही घेतली. एका मंगळवारची ओळ अशी आहे: "ठरवल्या 2, झाल्या 7. बसलो 9.40, उठलो 1.15. आधी: तुरीचा भाव पाहिला."

चौदा दिवसांपैकी अकरा दिवस ठरवलेलं मोडलं होतं. पण वही वाचताना दुसरंच काही दिसलं. ज्या मॅचमध्ये आम्ही शेवटच्या दहात पोचलो होतो, त्यानंतर मी बऱ्याचदा उठलो होतो. जी मॅच पाच मिनिटांत संपली, त्यानंतर जवळजवळ कधीच उठलो नव्हतो. जानेवारीतली ती रात्रही अशाच लवकर मेलेल्या मॅचने सुरू झाली होती. म्हणजे "दोन मॅच" हे मापच चुकीचं होतं. एक मॅच पाच मिनिटांचीही असते आणि तीस मिनिटांचीही, आणि लवकर मेलेली मॅच माझं मन मोजायलाच तयार नसे. शेवटच्या रकान्यात भाव, उधारी, सोसायटीचा फोन हे आठ वेळा आलं होतं. "काहीच नाही, सवयीने" असं चार वेळा.

त्याआधी मी फोनमधला टायमर लावून पाहिला होता. डिजिटल वेलबीइंगमध्ये त्या गेमला दिवसाचे दीड तास दिले. वेळ संपली की गेम बंद होते. ती मॅचच्या मधोमध बंद झाली. चमूतले तिघं लढत होते आणि मी नाहीसा झालो. मला इतका राग आला की सेटिंगमध्ये जाऊन टायमर काढायला दहा सेकंदही लागले नाहीत, आणि त्या रात्री मी जास्तच खेळलो. एकट्याने खेळायच्या गेमला, कोडी किंवा पत्त्यांसारख्या, हा टायमर बरा पडत असावा. जिथे तीन माणसं तुमच्या भरवशावर आहेत तिथे मधेच तोडणारी कुठलीही युक्ती माणूस मोडतो, कारण थांबणं म्हणजे दगा दिल्यासारखं वाटतं.

डॉक्टरांशी बोलताना यातून वाट निघाली. थांबायची वेळ ठरवायची नाही, शेवटची मॅच सुरू करायची वेळ ठरवायची. आमच्याकडे आठला जेवण होतं. मॅच जास्तीत जास्त अर्ध्या तासाची. म्हणून नियम असा झाला: खेळायचं पावणेसात ते आठ, आणि सात-पंचवीसनंतर नवी मॅच दाबायची नाही. सुरू झालेली मॅच पुरी करायची, मन लावून खेळायची, कुणाला दगा द्यायचा नाही. सात-वीसला पाच मिनिटांत मेलो तर त्या दिवसाचं खेळणं संपलं. हे शेवटचं फार जड गेलं. पहिल्या आठवड्यात दोनदा मोडलं आणि दोन्ही वेळा लिहिलं.

आणि हे सगळं संध्याकाळी. रात्रीची गेम रात्रीच ठेवून कमी करणं मला जमलं नसतं असं आज वाटतं. रात्रीला कड नसते, तिला संपवणारं बाहेरून काही येत नाही. संध्याकाळी आठला ताट वाढलेलं असतं, गोठ्यात वासरू ओरडत असतं, पोरगा गृहपाठ घेऊन येतो.

डॉक्टर म्हणाले होते, खेळण्याआधी झोप धरा, आणि झोपेतही उठायची वेळ धरा. किती वाजता झोप लागली हे आपल्या हातात नसतं, उठणं असतं. म्हणून रात्र कशीही जावो, सहाला उठायचं. फोन दहाला ओसरीवरच्या खुंटीला चार्जिंगला, आत नाही. गजरासाठी बाजारातून साधं घड्याळ आणलं, कारण फोनचा गजर हे फोन उशाशी घेण्याचं माझं सगळ्यात आवडतं कारण होतं. पहिले सहा दिवस वाईट गेले. अंग दुखायचं, बारीकसारीक गोष्टीवर चिडचिड व्हायची. तिसऱ्या दिवशी मी पोरावर पेन्सिलीवरून ओरडलो. तो रडत आजीकडे गेला. नंतर मी त्याला जवळ घेऊन सांगितलं, की चूक त्याची नव्हती, मला एक सवय सोडवायची आहे आणि त्याचा त्रास होतोय. नऊ वर्षांच्या पोराला ते कळलं. दुसऱ्या आठवड्यात आपोआप साडेदहाला झोप येऊ लागली.

बायकोला डॉक्टरांनी वेगळं समजावलं होतं. फोन लपवायचा नाही, पाळत ठेवायची नाही, टोमणे नाहीत. पोलीस झालात तर ते चोर होतील, एवढंच म्हणाले. एकदाच विचारायचं आणि आपल्या कामाला लागायचं. आम्ही दोघांनी मिळून वाक्य ठरवलं. साडेसातला ती चुलीजवळून विचारायची, "किती वाजले जी?" मी घड्याळ पाहून मोठ्याने सांगायचो. बास. कधी मी "सात-तीस, ही शेवटची" म्हणायचो. कधी मॅच सात-पंचवीसनंतर दाबलेली असली की आवाज खाली जायचा आणि तिला कळायचं, पण ती पुढे बोलायची नाही. मला सगळ्यात जास्त बळ तिच्या या न बोलण्याने दिलं.

गेमच्या आतही दोन बदल केले. दर्जा चढायच्या मॅच सोडल्या, साध्या मॅच खेळू लागलो. दर्जा नसला की हंगाम संपायची घाई उरत नाही. आणि गेमच्या सगळ्या सूचना बंद केल्या, कारण "आजचं बक्षीस घ्यायचं राहिलंय" असं दुपारी वावरात फोनने सांगायचं आणि तेवढ्यासाठी मी ती उघडायचो. चमूला खरं सांगितलं. ट्रकवाला म्हणाला, "भाऊ, सुखी राहा, रविवारी भेटू." पेट्रोल पंपावरचा बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, तो वहीचा प्रकार मले सांग.

आता उरला भावाचा घोर. संध्याकाळची वेळ ठरली, झोप आली, तरी तो होताच, आणि वहीने दाखवलं होतं की फोन हातात देणारा तोच. त्यावर गेमच्या बाजूने काही करता येत नव्हतं. रविवारी सकाळी बायको आणि मी उधारीची वही उघडून बसू लागलो. कुणाचे किती, कधी द्यायचे, कोणता माल कधी विकायचा. आकडे बदलले नाहीत, पण ते रात्री एकटे येईनासे झाले. एप्रिलमध्ये सोसायटीची नोटीस आली त्या दिवसापासून मी दोन रात्री पुन्हा एकपर्यंत खेळलो. तिसऱ्या दिवशी वहीत लिहिलं, बायकोला सांगितलं, आणि पुन्हा पावणेसातवर आलो. पोळ्याच्या वेळी एकदा मोडलं तेव्हा सगळंच गेलं असं समजून मी खेळतच सुटलो होतो. या वेळी दोन रात्री या दोन रात्रीच धरल्या.

माझ्या चुलतभावाची गोष्ट मात्र निराळी आहे. तो पैसे लावून मोबाइलवर पत्ते खेळायचा. तिथे वही आणि सात-पंचवीसचा नियम पुरत नाही, तो जुगार आहे. हरलेले पैसे परत मिळवायची ओढ वेळेच्या ओढीपेक्षा फार जबर असते. 2025 च्या ऑगस्टमध्ये पैशाच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा झाला, पण कर्ज कायद्याने फिटत नाही. त्याला मी स्वतः दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी मलाही बजावलं होतं: कर्ज काढून खेळणं, रात्रीमागून रात्र झोप नसणं, अंघोळ-जेवण सुटणं, जगण्यात राम वाटेनासा होणं, यातलं एकही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, या. आणि मरणाचा विचार आला तर त्याच क्षणी फोन लावा, सकाळची वाट पाहू नका.

यंदाच्या रब्बीत रात्रीची लाईन पुन्हा आली. ज्या जागी सवय लागली त्याच जागी पुन्हा त्याच तीन तासांत बसायचं होतं, म्हणून मला त्याची धास्ती होती. स्मार्टफोन मी घरीच ठेवतो. मायचा बटणांचा फोन आणि छोटा रेडिओ नेतो. शेजारच्या वावरातल्या काकांशी बोलून दोघांच्या पाळ्या जोडल्या आहेत. पहिला फेर मी जागतो, ते झोपतात, एकला उठवतो, दोघं मिळून आधी माझे आणि मग त्यांचे पाइप उचलतो. दोघांनी उचलले की वीस मिनिटांचं काम. मग मी झोपतो. शेकोटीजवळ ते त्यांच्या तरुणपणीच्या जागलीच्या गोष्टी सांगतात. त्यातल्या काही मी चार वेळा ऐकल्या आहेत.

परवा पहाटे दुसरं पाणी संपलं. मोटर बंद करून धुऱ्यावर आलो. गेल्या वर्षी जिथे पट्टा होता तिथे पाय रोवून पाहिलं, माती नुसती ओलसर होती, पाणी साचलेलं नव्हतं. घाटे भरलेले. घरी गेलो तेव्हा बायको अंगणात सडा टाकत होती. तिने विचारलं, "किती वाजले जी?" आणि हातातलं भांडं खाली ठेवून हसली.